नोटिशीची मराठी आणि घरातली मराठी
(नोटिशींच्या अभ्यासाची प्रस्तावना)

सोसायटीच्या जिन्याखालच्या फळ्यावर एक कागद लागतो. ‘सर्व सभासदांना कळविण्यात येते की, जलवाहिनीच्या दुरुस्तीच्या कामानिमित्त गुरुवारी पाणीपुरवठा बंद ठेवण्यात येणार आहे. तरी सभासदांनी पाण्याचा पुरेसा साठा करून ठेवावा.’ तो वाचून कुणी वर जाते आणि शेजारच्या दारात उभे राहून सांगते, ‘गुरुवारी पाणी नाहीये हं, भरून ठेवा.’ नागपूरकडे हेच ‘गुरुवारी नळ नाही येणार’ असे होईल. घटना एकच, भाषाही एकच. तरी फळ्यावरचे वाक्य कुणी दारात म्हणणार नाही आणि दारातले वाक्य कुणी फळ्यावर लावणार नाही. या दोन वाक्यांमध्ये काय घडते, याचा अभ्यास ज्यांना करावासा वाटतो त्यांच्यासाठी ही प्रस्तावना आहे.

या विषयाकडे येणारा बहुतेक जण एक उत्तर खिशात घेऊनच येतो. सरकारी मराठी अवघड, कारण तिच्यात संस्कृत शब्द फार. हे उत्तर पूर्ण खोटे नाही, पण फारसे पुढे नेत नाही. वरचा कागद पुन्हा पाहा. ‘जलवाहिनी’ सोडली तर त्यात न कळणारा शब्द कोणता? कळविणे, पाणी, पुरवठा, बंद, साठा, दुरुस्ती हे सगळे चौथीतल्या मुलाला येतात. जलवाहिनीच्या जागी ‘पाइपलाइन’ घातली तरी वाक्य नोटिशीचेच राहते. उलट ‘आज जलवाहिनी फुटली वाटतं’ असे कुणी गमतीने म्हणाले, तर शब्द भारी असूनही वाक्य बोलीचेच राहते. म्हणजे फरकाचे मूळ शब्दात नाही, शब्दांच्या मांडणीत आहे. म्हणून आपण शब्दांकडे नंतर वळू, आधी मांडणी पाहू.

‘पाणी येणार नाही’ या वाक्याचा कर्ता पाणी आहे. ते येते किंवा येत नाही, आणि येते ते माझ्याकडे. बोलणारा मोरीत, नळासमोर उभा आहे. ‘पाणीपुरवठा बंद ठेवण्यात येईल’ हे वाक्य पंपाच्या बाजूने बोललेले आहे. ‘पुरवठा’ ही गोष्ट पुरवणाऱ्याला दिसते. घेणाऱ्याच्या डोळ्यांपुढे पुरवठा नसतोच, पाणी असते. अशाच जोड्या कितीही सापडतील. घरात ‘लाईट जाणार’, नोटिशीत ‘वीजपुरवठा खंडित करण्यात येईल’. घरात ‘भाडं वाढलं’, नोटिशीत ‘सुधारित भाडेदर लागू करण्यात आले आहेत’. घरात ‘दाखला मिळाला’, कचेरीत ‘दाखला निर्गमित करण्यात आला’. प्रत्येक जोडीत बोलीचे वाक्य घेणाऱ्याच्या जागेवरून निघते आणि नोटिशीचे देणाऱ्याच्या जागेवरून. माझ्या मते या साऱ्या विषयाची किल्ली इथे आहे. नोटीस कळत नाही अशी तक्रार करणाऱ्याला बहुधा शब्द कळलेले असतात. त्यात आपली जागा कुठे आहे, ते त्याला सापडलेले नसते.

कर्ता लपवण्याचा आरोपही इथेच तपासून पाहावा. ‘करण्यात येईल’ या रचनेत करणारा दिसत नाही, हे खरे आहे. दामल्यांपासून पुढच्या व्याकरणकारांनी कर्मणी प्रयोगाचे जे प्रकार सांगितले, त्यांत निदान ‘रामाकडून रावण मारला गेला’ असा राम कुठेतरी उभा असतो. ‘करण्यात येते’ मध्ये त्याला जागाच अवघडलेली मिळते. ‘महानगरपालिकेतर्फे’, ‘या कार्यालयामार्फत’ असे काही बाहेरून जोडावे लागते आणि नाही जोडले तरी वाक्य कुठे लंगडत नाही. पण बोली तरी कर्ता कुठे सांगते? ‘बिल नाही भरलं तर लाईट कापतील.’ कोण कापतील? ‘आमच्याकडचा रस्ता खोदून ठेवलाय.’ कुणी? मराठी माणूस घरात बोलतानाही सरकारचे नाव घेत नाही, फक्त ‘ते’ लोक गृहीत धरतो. तेव्हा नोटीस कर्ता लपवते आणि बोली उघड करते, ही मांडणी आकर्षक असली तरी पुराव्याला टिकत नाही. दोघी लपवतात. फरक असा की बोली ‘आपण नव्हे, ते’ एवढे तरी सांगते आणि नोटीस कुणीच नसल्यासारखी बोलते.

समोरच्याला काही करायला सांगताना हा फरक आणखी ठळक होतो. बोलीत सरळ आज्ञार्थ असतो: भरा, या, लिहून द्या, थुंकू नका. नोटीस आज्ञार्थ सहसा वापरत नाही. ती विध्यर्थाकडे जाते: भरावे, उपस्थित राहावे, दक्षता घ्यावी, थुंकू नये. ‘नका’ मध्ये तुम्ही समोर उभे असता, कारण ते क्रियापदच द्वितीय पुरुषाचे आहे. ‘नये’ ला समोरचा माणूस लागत नाही. ‘मी जाऊ नये’, ‘त्याने जाऊ नये’, ‘कोणीही जाऊ नये’, सगळीकडे नये ते नये. म्हणूनच भिंतीवर ‘येथे थुंकू नये’ लिहिलेले असते, तेव्हा ते सगळ्यांना उद्देशून असते आणि कुणाच्याच अंगाला लागत नाही. पुण्याच्या दारांवरच्या पाट्यांची गंमतही या व्याकरणातूनच निघते. ‘गेटसमोर गाडी लावू नये, अन्यथा हवा सोडण्यात येईल.’ आता ही हवा सोडणार कोण? दाराआडचे आजोबाच, स्वतःच्या हाताने. ‘हवा सोडीन’ म्हटले की भांडण होते. ‘हवा सोडण्यात येईल’ म्हटले की आजोबांमागे एक अख्खे कार्यालय उभे राहते. लोक त्या पाटीला हसतात, तेव्हा नकळत विध्यर्थ आणि ‘-ण्यात येणे’ यांचे मर्म त्यांना कळलेले असते. विद्यार्थ्यांना हा धडा मी याच पाटीवरून शिकवतो.

उच्चार आणि लेखनाचा एक बारीक धागा इथे जोडतो. ‘केलं, सांगितलं, बंद ठेवलं’ ही बोलण्याची रूपे. ‘केले, सांगितले, बंद ठेवले’ ही लिहिण्याची. मराठी साहित्य महामंडळाच्या 1962 च्या लेखननियमांनी बोलण्याप्रमाणे लिहिताना अनुस्वाराची मुभा दिली, एरवी एकार ठेवला. त्यामुळे शेवटच्या एका स्वरावरून मराठी वाचकाला वाक्य घरातले की कचेरीतले ते कळते. पण कचेरीतल्या मराठीची एक खूण या नियमांना सोडून आहे, आणि ती ध्यानात घेण्यासारखी आहे. ‘करणेत येते’, ‘मिळणेबाबत’, ‘नाव दाखल करणेसाठी’, ‘असलेने’. एकारान्त नामाचे सामान्यरूप याकारान्त करावे, करणे – करण्यासाठी, असे हे नियम सांगतात आणि शासनाने तेच नियम स्वीकारलेले आहेत. तरी कचेरीतला ‘णे’ हलत नाही. अर्जदारही त्याची नक्कल करतो. घरी ‘दाखला मिळण्यासाठी’ म्हणणारा माणूस अर्जाच्या विषयात ‘दाखला मिळणेबाबत’ असेच लिहितो. याला कुणी शुद्ध किंवा प्रमाण मराठी समजू नये. ती कारकुनी वळणाची बोलीच आहे, फक्त ती कागदावर बोलली जाते.

आता शब्दांकडे येऊ. अधिकृत मराठीचा शब्दसंग्रह एका थरात बसलेला नाही. सतराव्या शतकात दफ्तरात फारसी-अरबी शब्द इतके होते की शिवाजी महाराजांच्या काळात ‘राज्यव्यवहारकोश’ रचून त्यांना संस्कृत पर्याय दिले गेले. तो कोश प्रसिद्ध झाला, पण गावपातळीवरचे दफ्तर फारसे बदलले नाही. पुढे इंग्रजी अंमलात इंग्रजी शब्द आले. राज्य झाल्यावर 1960 मध्ये भाषा संचालनालय स्थापन झाले, 1964 चा राजभाषा अधिनियम आला, ‘पदनाम कोश’ आणि ‘शासन व्यवहार कोश’ निघाले आणि पुन्हा संस्कृत पर्यायांची फेरी झाली. याचा परिणाम गमतीचा आहे. एके काळी जी कचेरीची भाषा होती ती आज शेतकऱ्याच्या तोंडी आहे. हरकत, जप्ती, वारस, दस्त, तारीख, अर्ज, कचेरी हे शब्द त्याला आपले वाटतात आणि आक्षेप, दिनांक, कार्यालय हे परके. त्याचा मुलगा मात्र कचेरीही म्हणत नाही आणि कार्यालयही म्हणत नाही. तो ‘ऑफिस’ म्हणतो. 2024 मध्ये तलाठ्याचे पदनाम ‘ग्राम महसूल अधिकारी’ झाले, पण गावात ‘तलाठी’ आणि समोर उभे असताना ‘भाऊसाहेब’ हेच चालते. मंडळ अधिकारी तर कधीच ‘सर्कल’ झाले आहेत. तेव्हा अभ्यासकाने ‘बोलीतला शब्द’ आणि ‘अधिकृत शब्द’ असे दोन खण पाडण्याआधी कोणत्या पिढीची बोली, हे विचारावे.

आता एक नोटीस पूर्ण वाचू. मी मुद्दाम जमिनीची घेतो, कारण मराठी घरांत येणाऱ्या कागदांपैकी जपून ठेवला जाणारा आणि चुकीचा सांगितला जाणारा कागद बहुधा हाच असतो. खातेदार वारला की त्याच्या वारसांची नावे सातबाऱ्यावर लावायची असतात. महाराष्ट्र जमीन महसूल संहिता, 1966 च्या कलम 149 प्रमाणे हक्क मिळाल्याची खबर तीन महिन्यांत तलाठ्याला द्यायची. तलाठी ती फेरफार नोंदवहीत, म्हणजे गाव नमुना 6 मध्ये लिहितो. कलम 150 प्रमाणे त्या नोंदीची प्रत चावडीवर लावतो आणि ज्यांचा ज्यांचा संबंध पोचतो त्या सगळ्यांना लेखी कळवतो. या कळवण्याच्या कागदाला नमुना 9 ची नोटीस म्हणतात. तिचा मजकूर साधारण असा असतो:

‘याद्वारे आपणास कळविण्यात येते की, मौजे अमुक येथील गट क्रमांक अमुकचे खातेदार हे मयत झाले असून त्यांचे वारस म्हणून खाली नमूद व्यक्तींची नावे अधिकार अभिलेखात दाखल करणेबाबत फेरफार क्रमांक अमुक अन्वये नोंद घेण्यात आली आहे. सदर नोंदीबाबत आपली काही हरकत असल्यास ही नोटीस मिळाल्यापासून 15 दिवसांच्या आत तोंडी अगर लेखी कळवावी. मुदतीत हरकत न आल्यास आपली काहीएक हरकत नाही असे समजून पुढील कार्यवाही करण्यात येईल, याची नोंद घ्यावी.’

हा कागद घरातला शिकलेला मुलगा वाचतो आणि आजीला सांगतो, ‘अण्णा गेले ना, आता जमिनीला सगळ्यांची नावं लागली. कुणाचं काही म्हणणं असेल तर पंधरा दिवसांत तलाठ्याकडे लिहून द्यायचं. नाहीतर झालं.’ सांगणे चांगले आहे. आजीला विषय कळला, वेळ आहे हे कळले, कुणाकडे जायचे ते कळले. कागदात ‘तलाठ्याकडे जा’ असे कुठेही म्हटलेले नाही. ते मुलाने भरले. घरातली मराठी अशी उपकारक असते. ती ऐकणाऱ्याला पायाखालची वाट दाखवते.

आता त्याच सांगण्यातून काय गळले ते पाहू. पहिली गळती ‘नावं लागली’ इथे आहे. नोटिशीतले शब्द आहेत ‘नोंद घेण्यात आली आहे’. नोंद घेणे ही एक पायरी आणि नोंद प्रमाणित होणे ही दुसरी. मुदत संपल्यावर मंडळ अधिकारी ती नोंद तपासून मंजूर किंवा नामंजूर करतो. मंजूर झाली तरच सातबाऱ्यावर अंमल बसतो. बोलीत ‘नाव लागणे’ या एकाच क्रियापदात दोन्ही पायऱ्या मावतात. त्यामुळे फेरफार क्रमांक पाहून निर्धास्त झालेला माणूस पुढे नोंद नामंजूर झाल्यावर ‘अहो, नाव तर लागलं होतं’ म्हणत येतो. उलट ज्याला हरकत घ्यायची आहे, तो ‘आता लागलंच की’ म्हणून गप्प बसतो. इथे अधिकृत भाषा ओझे वाहत नाही, काम करते.

दुसरी गळती दिवसांची. ‘पंधरा दिवसांत’ म्हणताना कुठून मोजायचे ते गेले. ‘ही नोटीस मिळाल्यापासून’ हे दहा अक्षरांचे शेपूट बोलीत हमखास तुटते. मग कुणी कागदावरच्या तारखेपासून मोजतो, कुणी चावडीवर पाहिल्यापासून. नोटीस बजावल्याची पोच तलाठी सही-तारखेनिशी घेतो, ती याच कारणाने. ती तारीख म्हणजे मोजणीची सुरुवात.

तिसरी गळती सर्वांत महत्त्वाची आहे आणि ती सहसा कुणाच्या लक्षात येत नाही. मुलगा म्हणाला, ‘लिहून द्यायचं’. कागद म्हणतो, ‘तोंडी अगर लेखी’. कलम 150 मध्ये हरकत तोंडी घेतली तरी चालते, असे स्पष्ट म्हटले आहे. तशी हरकत आली की तिचा तपशील विवादग्रस्त प्रकरणांच्या नोंदवहीत, म्हणजे नमुना 6-अ मध्ये लिहिणे हे तलाठ्याचे कर्तव्य आहे आणि हरकत घेणाऱ्याला त्याने लगेच लेखी पोच द्यायची आहे. लिहिता न येणाऱ्या आजीसाठी कायद्याने ठेवलेली ही सोय आहे. ती ‘अगर’ या एका फारसी शब्दात बसली होती आणि घरातल्या सोप्या मराठीत ती गेली. मुलाची चूक म्हणावी तर त्याने व्यवहार पाहून सांगितले, कारण व्यवहारात लेखीच मागतात. पण आजीचा हक्क त्या सांगण्यात उरला नाही.

एवढे पाहिल्यावर घाईने कुणी म्हणेल, मग नोटीस आहे तशीच बरी. तसेही नाही. त्याच नोटिशीत ‘याद्वारे’, ‘काहीएक’, ‘सदर’, ‘याची नोंद घ्यावी’ हे शब्द उचलून बाजूला ठेवले तर काही गळत नाही. ‘सदर नोंदीबाबत’ ऐवजी ‘या नोंदीबाबत’ चालते. ‘मयत झाले असून’ ऐवजी ‘मरण पावले आहेत’ म्हटले तर कायद्याचे काही बिघडत नाही आणि घरातल्या माणसाला बरे वाटते. खरा दोष मात्र या शब्दांचाही नाही. ‘पुढील कार्यवाही करण्यात येईल’ हे वाक्य पाहा. पुढे काय होणार ते त्यात सांगितलेलेच नाही. मंडळ अधिकारी नोंद मंजूर करील आणि त्यानंतर हरकत घेता येणार नाही, तर प्रांताकडे अपील करावे लागेल, त्याला 60 दिवसांची मुदत असते, हे सारे त्या तीन-चार शब्दांच्या पोटात आहे. म्हणजे नोटीस जिथे नेमकी हवी तिथे मोघम आहे आणि जिथे साधी चालली असती तिथे भारदस्त. सोपी करा असा नुसता आग्रह धरला की लोक ‘सदर’ काढतात आणि ‘पुढील कार्यवाही’ तशीच ठेवतात. कागद सोपा दिसू लागतो, पण वाचणाऱ्याला नवे काही कळत नाही.

बोलीतली ‘नाव लागलं’ ची समजूत आणखी एका ठिकाणी फसवते. लोकांच्या लेखी नाव लागले म्हणजे मालकी आली. कायद्यात अधिकार अभिलेखातली नोंद उलट सिद्ध होईपर्यंत खरी मानायची असते, कलम 157 तेवढेच म्हणते. मालकी ठरते ती खरेदीखत, वाटप, वारसा यांवरून, आणि वाद झाला तर दिवाणी न्यायालयात. ‘मालक’ असे न लिहिता ‘खातेदार’, ‘कब्जेदार’, ‘भोगवटादार’ असे लिहिण्याचा कचेरीचा हेका निरर्थक नाही. पण हा भेद कुठल्याही नोटिशीत समजावलेला नसतो. शब्द वापरले की भेद कळला, असे कचेरी गृहीत धरते.

कधी कधी उलटेही घडते. बोली कागदापेक्षा जास्त खरे सांगते. सहकारी गृहनिर्माण संस्थेच्या वार्षिक सर्वसाधारण सभेच्या सूचनेखाली एक टीप असते: गणपूर्तीअभावी सभा तहकूब झाल्यास ती त्याच दिवशी, त्याच ठिकाणी अर्ध्या तासाने घेण्यात येईल व त्या सभेस गणपूर्तीची आवश्यकता राहणार नाही. जिन्यात याचे भाषांतर एका वाक्यात होते, ‘साडेदहाची मीटिंग अकराला सुरू होते’. सूचनेत अपवाद म्हणून जे लिहिले आहे तोच नेम झाला आहे, हे बोलीने पकडले. त्याच विषयपत्रिकेतला ‘मागील सभेचे इतिवृत्त वाचून कायम करणे’ हा पहिला विषय मात्र बोलीत उतरतच नाही. सेक्रेटरी ‘मागचे मिनिट्स वाचतो’ म्हणतात आणि ‘कायम करणे’, म्हणजे त्यातल्या चुका दाखवण्याची शेवटची संधी, सभासदांच्या हातून निसटते. मागच्या वर्षी न झालेला ठराव इतिवृत्तात झालेला दिसला तर बोलायची वेळ तीच असते. चहा येईपर्यंत ती गेलेली असते.

यापुढे अभ्यास कसा करावा याबद्दल थोडे. टेबलाशी बसून नोटिशीचे बोलीत रूपांतर स्वतः करू नका. आपण शिकलेली माणसे बोली लिहायला बसलो की एकतर अनुस्वार टाकून प्रमाण मराठीच लिहितो, नाहीतर नाटकातले गावकरी बोलवतो. त्याऐवजी कागद एकाला वाचायला द्या आणि त्याने तो दुसऱ्याला सांगावा, असे करा. सांगताना कागद हातात नको. ते सांगणे जसेच्या तसे उतरवून घ्या, मग कागद आणि सांगणे शेजारी ठेवून चार गोष्टी पाहा: काय गळले, काय भरले गेले, कुणाचे नाव आले किंवा गेले, आणि आज्ञा कुणाला उद्देशून झाली. दुसऱ्या माणसाने तिसऱ्याला सांगितलेलेही मिळाले तर सोन्याहून पिवळे, कारण मुदत आणि पर्याय बहुधा दुसऱ्या फेरीत पडतात. सांगणारा आणि ऐकणारा यांचे नाते टिपून ठेवा. सून सासऱ्यांना नोटीस सांगते तेव्हा ‘तुम्हाला बोलावलंय’ म्हणेल. तोच मजकूर ती नवऱ्याला ‘जावं लागेल’ असा सांगेल.

बोली म्हणजे तोंडची आणि अधिकृत म्हणजे कागदावरची, असेही समजू नका. ग्रामपंचायतीच्या भोंग्यावरून ‘सर्व ग्रामस्थांना कळविण्यात येते की’ असे ऐकू येते, तेव्हा ती तोंडची नोटीस असते. पूर्वी कोतवाल दवंडी देताना वरून आलेला मजकूर गावाच्या भाषेत फिरवून सांगत असे. आज भोंग्यावरचा माणूस फिरवत नाही, तो कागद वाचतो. उलट व्हॉट्सॅपवर फिरणारी कॉलनीची सूचना कागदी वळणाने सुरू होऊन तिसऱ्या ओळीत ‘प्लीज सगळ्यांनी टाक्या भरून घ्या’ वर येते. अशी मध्येच वळणे बदलणारी उदाहरणे टाकून देऊ नका. भाषा कुठल्या शब्दापाशी पायरी उतरते, ते त्यांतूनच दिसते.

नोटिशी गोळा करताना ठिकाण, तारीख, कोणी लावली आणि कुठे लावली हे कागदाच्या मागे लिहून ठेवा, खाजगी नावे आणि गट क्रमांक झाका, आणि ‘करणेत’ चे ‘करण्यात’ करू नका. शुद्धलेखन दुरुस्त केलेली नोटीस या अभ्यासाच्या काही उपयोगाची नाही. आणि घरी नमुना 9 चा कागद आलाच, तर घरातल्या मोठ्या माणसांना तो सांगताना ‘तोंडी चालतं, पण पोच मागून घ्या’ एवढे मात्र न विसरता सांगा.